पत्र्याचं छप्पर भिंतीला बांधताना: पट्टी, सळई आणि भिंतीचं वजन

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता आणि झोत 130 पर्यंत जात होते. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर या पट्ट्यात त्यानंतर जी घरं उघडी पडलेली दिसली, त्यांत एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळत होती. पत्रे शाबूत, परलिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पाईपांना, घट्ट चिकटलेले, परलिन कैच्यांना, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी चौकटींना, वेल्ड केलेले, आणि हे सगळं बिऱ्हाड एकत्र शेजारच्या वाडीत पडलेलं. कोणताही सांधा सुटला नव्हता, फक्त छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये सांधाच नव्हता. काही घरांवर तर भिंतीच्या माथ्यावरचा काँक्रीटचा बीमसुद्धा छपराबरोबर उचलला गेलेला असतो.

हा लेख त्या एका सांध्याबद्दल आहे: जांभ्याच्या चिऱ्याची भिंत आणि वर पत्र्याचं हलकं छप्पर. विटांच्या भिंतीलाही हीच रीत लागू होते, आकडे थोडे बदलतात.

कौलं काढून पत्रे घातले, की काय बदलतं

कोकणात जुनी घरं कौलारू. मंगलोरी कौलं, रिपा, वासे आणि आढं मिळून छपराचं वजन चौरस मीटरला ढोबळ मानाने 50-60 किलो भरतं. शिवाय कौलांच्या फटींतून हवा आरपार जाते, त्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब बराचसा सारखा होतो. वादळात चार-दोन ओळी कौलं उडतात, पण आख्खं छप्पर सहसा उठत नाही. म्हणून जुन्या गवंड्यांनी वासे भिंतीवर नुसते टेकवले, फार तर एखादा खिळा मारला. वजनच पुरेसं होतं.

मग माकडं आली, शाकारणीला माणसं मिळेनाशी झाली, आणि लोकांनी कौलं उतरवून पत्रे घातले. पत्रा, परलिन आणि बॉक्स पाईपच्या कैच्या मिळून वजन उतरतं चौरस मीटरला 12 किलोच्या आसपास. हवा जायला फटही राहत नाही. म्हणजे छप्पर पाचपट हलकं झालं, वारा त्याला जास्त जोराने ओढू लागला, आणि भिंतीवरचा टेकू मात्र तोच जुना राहिला. खर्च पत्र्याच्या ब्रँडवर आणि रंगावर होतो, या टेकूवर कोणी करत नाही.

वारा छप्पर ढकलत नाही, ओढतो

कमी उताराच्या छपरावरून वारा गेला की वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. वाऱ्याच्या तोंडची खिडकी किंवा दार फुटलं की आत शिरलेली हवा खालून ढकलू लागते. ही दोन्ही बळं एकाच दिशेची, म्हणजे वरची. म्हणून वादळात खिडकी-दारं घट्ट बंद ठेवणं हाही छप्पर वाचवण्याचाच भाग आहे. "हवा खेळती राहू दे" म्हणून वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं ठेवणं घातक.

किती ओढतो, ते काढायला एक सोपं सूत्र पुरतं. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घेतला, की दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये असा:

```
p = 0.6 × V × V
```

वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे IS 875 भाग 3 ही संहिता आहे. तिच्या नकाशात मुंबईचा मूळ वेग 44 आणि पणजीचा 39 मीटर प्रति सेकंद धरलेला आहे, म्हणजे ताशी साधारण 158 आणि 140 किलोमीटर. याच संहितेत चक्रीवादळासाठी जो वाढीव गुणक आहे, तो पूर्व किनारा आणि गुजरातच्या 60 किलोमीटरच्या पट्ट्यापुरता आहे, कोकणाला नाही. निसर्गनंतर मला तरी 44 च्या खाली जाऊन हिशेब करावासा वाटत नाही, मग घर तळकोकणात का असेना.

एका खोलीचा हिशेब

समजा घराची रुंदी दोन भिंतींमध्ये 5 मीटर आहे, दोन्ही बाजूंना पत्रा 60 सेंटिमीटर बाहेर आलेला आहे आणि कैच्या दर दीड मीटरवर आहेत. एका कैचीच्या वाट्याला 6.2 गुणिले 1.5, म्हणजे 9.3 चौरस मीटर छप्पर येतं.

44 च्या वेगाला दाब भरतो 1,160 न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला 118 किलो, ढोबळ 120. वरची ओढ आणि आतला थोडा दाब मिळून त्याच्या 1.2 पट धरा: 144 किलो. छपराचं स्वतःचं 12 किलो वजन वजा करा. उरले सुमारे 130 किलो. याला 9.3 ने गुणलं की एक कैची बाराशे किलोने वर ओढली जाते, आणि तिच्या प्रत्येक टोकाला, म्हणजे भिंतीवरच्या प्रत्येक टेकूला, 600 किलो येतात.

हा आकडा मनात पक्का ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. पत्र्यावर चिरे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. एक चिरा साधारण 30 किलोचा. एका टेकूसाठी वीस चिरे लागतील, आणि तेवढे ठेवले तर पावसाळ्याआधीच पत्रा वाकेल. दोन-चार ठेवले तर वादळात तेच चिरे अंगावर येतात. वाळूच्या पिशव्यांचंही तेच.

गॅबलच्या, म्हणजे त्रिकोणी भिंतीच्या टोकाला, वळचणीला आणि कोपऱ्यांत ओढ मधल्या भागाच्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणून दोन्ही टोकांची शेवटची कैची दीड मीटर सोडून न लावता पाऊण मीटरवर घ्यावी.

खरा प्रश्न: 600 किलो कुठं उतरवायचे?

इथे बहुतेक घरं फसतात. गवंडी सांगतो, "अहो, वर बीम टाकलाय ना, आता कुठं जातंय छप्पर?" कैचीची पाटी बीमला बोल्टने आवळलेली असते, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं.

पण बीम कशाने धरलाय? 230 बाय 150 मिलिमीटरच्या बीमचा दीड मीटर लांबीचा तुकडा भरतो सुमारे 130 किलो. वर ओढ 600 ची. बीम आणि त्याखालचा चिरा यांच्यात फक्त सिमेंटच्या मालाचा थर आहे, आणि हा माल दाब चांगला सोसतो, ओढ जवळजवळ सोसत नाही. जुन्या चुन्याच्या किंवा मातीच्या सांध्यांकडून तर काहीच अपेक्षा नको. मग बीम छपरासकट उठतो.

म्हणजे ओढ बीमच्या खाली, भिंतीच्या वजनात न्यावी लागते. किती खाली, तेही काढता येतं. जांभ्याचं बांधकाम घनमीटरला सुमारे 2,000 किलो. भिंत 230 मिलिमीटर जाड, एका टेकूच्या वाट्याची लांबी दीड मीटर. तर दर एक मीटर उंचीला 690 किलो वजन मिळतं. आपल्याला 600 च्या दीडपट, म्हणजे 900 किलो हाताशी हवेत. बीमचे 130 वजा केले तर उरलेल्या 770 साठी 1.1 मीटर उंचीची भिंत लागते. म्हणून सळई किंवा पट्टी माथ्यापासून 1.2 मीटर खाली जायला हवी. 30 सेंटिमीटर खाली जाऊन थांबलेली पट्टी, कितीही जाड असली, तरी वरचे दोन चिरे तेवढे घेऊन जाते.

लोखंडाच्या ताकदीची इथे चिंता नाही. 10 मिलिमीटरची टॉर सळई तीन टनांहून जास्त ओढ सोसते. तुटतं ते लोखंड नव्हे. सुटतं ते ज्यात रोवलंय ते, नाहीतर ज्याला जोडलंय ते.

नवीन भिंत बांधत असाल तर

हे काम गवंड्याचं आहे, फॅब्रिकेटरचं नाही, आणि ते कैच्या येण्याच्या कितीतरी आधी करावं लागतं. म्हणून कैच्यांच्या जागा भिंत चढवण्याआधीच ठरवा आणि जोत्यावर रंगाने खुणा करा. खिडकीच्या वर कैची येणार असेल तर तिथे लिंटेलवर फारशी भिंतच नसते. त्या कैचीची ओढ बीममधून खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या सळयांकडे जायला हवी. म्हणून खिडकीच्या दोन्ही अंगांना सळई हवीच.

माथ्यापासून 1.2 मीटर खालच्या थराशी काम थांबवा. तिथल्या आडव्या सांध्यात भिंतीच्या लांबीने 10 मिलिमीटरची, पाऊण मीटर लांब सळई घाला. उभी सळई तिच्याखालून वळवून घ्या, म्हणजे ओढ एका चिऱ्यावर न येता चार-पाच चिऱ्यांवर पसरते. उभी सळई वर जाते तिथे प्रत्येक थरात चिऱ्याला खाच मारून साधारण 75 मिलिमीटरची पोकळी ठेवा, आणि दर दोन थरांनंतर ती बारीक खडीच्या काँक्रीटने ठासून भरा. शेवटी वरून एकदम ओतलं तर मध्ये पोकळ्या राहतात आणि तिथेच सळई गंजते. पोकळी भिंतीच्या मध्यावर असावी; बाहेरच्या अंगाला सळईवर निदान 40 मिलिमीटर झाकण हवं, कारण खारा वारा चिऱ्यातून आत पोचतोच.

माथ्यावरचा बीम 150 मिलिमीटर उंच, त्यात 10 च्या चार सळया आणि दर 15 सेंटिमीटरला रिंग. भिंतीतून आलेली उभी सळई बीमच्या वरच्या सळयांवरून वळवून किमान 30 सेंटिमीटर आडवी न्या. हा वळसा नीट पाहा: काँक्रीट ओतण्याआधी स्वतः वर चढून बघण्याची एक गोष्ट निवडायची असेल, तर ती ही. घाईत सळई नुसती सरळ वर काढून सोडलेली असते, किंवा आडवी येते म्हणून कापून टाकलेली असते. तशी सळई काँक्रीटमधून गाजरासारखी निघते.

प्रत्येक कैचीच्या टोकासाठी आट्यांचे 12 मिलिमीटरचे दोन बोल्ट बीममध्येच ओतून घ्या, त्यांची खालची टोकं वाकवून बीमच्या खालच्या सळयांखाली अडकवलेली. बोल्ट उभे राहावेत म्हणून प्लायच्या तुकड्याला भोकं पाडून त्यातून धरा. ओतताना आट्यांना टेप गुंडाळा, नाहीतर नंतर नट चढत नाही, आणि नट चढला नाही की वेल्डर तिथेच बोल्ट कापून पाटीला टाका मारतो.

कैचीच्या टोकाला 6 मिलिमीटरची पाटी सर्व बाजूंनी वेल्ड करून या बोल्टांवर बसवायची, वर वॉशर आणि दोन-दोन नट. आणखी एक गोष्ट फॅब्रिकेटरला सांगा. कैची नेहमी वरून येणाऱ्या वजनासाठी केलेली असते. वारा उलटा ओढतो तेव्हा तिचा खालचा पाईप ताणाऐवजी दाबाखाली येतो, आणि तो बारीक व लांब असेल तर आडवा वाकतो. खालच्या पाईपांना एकमेकांशी जोडणारा एक आडवा पाईप मध्यावर घातला की हे टळतं.

घर उभंच असेल तर

जुन्या भिंतीत सळई घालता येत नाही, म्हणून बाहेरून आणि आतून पट्टी घ्यायची. अमेरिकेत वासा आणि भिंत जोडायला दाबून केलेल्या तयार क्लिपा दुकानात मिळतात. आपल्याकडे फॅब्रिकेटरकडून 30 बाय 3 मिलिमीटरची पत्ती कापून, भोकं पाडून आणि मगच गॅल्व्हनाइज करून घ्यावी. आधी गॅल्व्हनाइज करून नंतर भोकं पाडली तर गंज भोकाच्या कडेपासूनच सुरू होतो.

आधी वर चढून बघा की कैची किंवा वासा कशावर टेकलाय. जुन्या घरात वासे पाऊण-एक मीटरवर असतात आणि भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडावर बसलेले असतात. तसं असेल तर प्रत्येक वाशासाठी भिंतीपर्यंत पट्टी नेण्याची गरज नाही. प्रत्येक वासा त्या लाकडाला बांधायचा, आणि ते लाकूड दर सव्वा ते दीड मीटरवर भिंतीला. लाकूड आधी टोचून पाहा. पेचकस सहज आत गेला तर वाळवीने ते पोखरलंय, त्याला पट्टी लावण्यात अर्थ नाही.

भिंतीला आरपार भोक माथ्यापासून 1.2 मीटर खाली, चिऱ्याच्या मधोमध पाडा, सांध्यात नको. बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पाणी आत येणार नाही. भोकात 25 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पाईप सिमेंटमध्ये बसवा आणि त्यातून 12 चा आट्यांचा रॉड न्या. पाईपचं कारण असं की जांभा मऊ दगड आहे. नुसता बारीक रॉड 600 किलोच्या ओढीने चिरा कातरत वर सरकतो, पाईपमुळे तोच भार दुप्पट रुंदीवर बसतो. दोन्ही बाजूंना 100 बाय 100 ची 6 मिलिमीटर जाड पाटी, त्यावर पट्टी, मग नट.

इथे लोक हमखास अँकर फास्टनर वापरतात, कारण तो अर्ध्या मिनिटात बसतो. हा फास्टनर आत फुगून धरतो. काँक्रीटमध्ये तो उत्तम, जांभ्यात नाही: सच्छिद्र दगड फुगण्याच्या दाबाने भुगा होतो आणि फास्टनर आधी गरगर फिरतो, मग बाहेर येतो. नट आवळताना कधीच कडक होत नसेल, तर हेच झालंय असं समजा.

वरच्या टोकाला पट्टी वाशाच्या बाजूला खिळ्यांनी ठोकू नका. वर ओढल्यावर पट्टी खिळ्यांवर झुलते, लाकूड फाटतं, आणि खिळे सरळ उपसतात. आतली आणि बाहेरची पट्टी वाशावरून वळवून वर एकमेकींना भेटवा आणि वाशातून आडवा 10 चा बोल्ट आरपार घाला. वासा पत्र्याला टेकलेला असेल तर वळसा घेण्यासाठी तिथला एक पत्रा तात्पुरता सोडवावा लागतो. या कामात हाच सर्वांत कंटाळवाणा भाग आहे आणि फॅब्रिकेटर तो टाळू पाहतो. लोखंडी कैचीला पट्टी वेल्ड करणार असाल, तर टाक्याच्या दोन्ही बाजूंचं जळालेलं गॅल्व्हनाइजिंग तारेच्या ब्रशने साफ करून झिंक प्राइमरचे दोन हात द्या.

शेवटी पट्टी ताणलेली हवी. खालचा नट आवळून ती सरळ करा, बोटाने टिचकी मारा. ठणठणीत आवाज यायला हवा. ढिल्या पट्टीत छप्पर आधी दोन-चार मिलिमीटर उठतं आणि मग हिसका देतं. वादळात असे हिसके तासनतास बसत राहतात, नट सैल होतात.

वरचे सांधे आणि पडवी

भिंतीशी सांधा पक्का झाला की पुढचा कच्चा दुवा परलिन आणि कैची यांच्यामधला. दोन ठिपक्यांचा वेल्ड तिथे चालत नाही. परलिनच्या दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीचा टाका, किंवा अँगलचा तुकडा लावून बोल्ट. पत्रा परलिनला सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने, रबरी वॉशरसकट. वळचणीच्या, आढ्याच्या आणि गॅबलच्या कडेला प्रत्येक घडीवर एक स्क्रू. जुने जे-हूक असतील तर ते गोल वळसा सरळ होऊन निसटतात, निदान कडांना तरी ते बदला.

पडवीचा विचार वेगळा करावा लागतो. ती उघडी असल्यामुळे वारा खालून थेट पत्र्यावर आदळतो आणि वरून ओढतोही. बांधायची असेल तर मुख्य छपराचाच पत्रा पुढे लांबवू नका. पडवीचं छप्पर वेगळं ठेवा, म्हणजे ती गेली तरी घराचं छप्पर सोबत नेणार नाही. तिच्या खांबांनाही वजन हवं. जमिनीत 30 सेंटिमीटर रोवलेला पाईप भाजीच्या मांडवाला ठीक. पडवीच्या खांबाला 60 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल काँक्रीटचा ठोकळा घातला तर सुमारे 500 किलो मिळतात, आणि खांबाच्या तळाला आडवी सळई वेल्ड केलेली असेल तरच तो ठोकळा खांबाबरोबर राहतो.

हे कुठे चालणार नाही

मातीच्या सांध्यांची भिंत, किंवा कोपऱ्यात उभी भेग गेलेली भिंत, वर दिलेलं वजन एकसंध देत नाही. तिथे पट्टी जोत्यापर्यंत न्यावी किंवा आधी कोपरे बांधून घ्यावेत. 100 मिलिमीटरच्या पातळ भिंतीत वजन निम्म्याहून कमी मिळतं, तिथेही पट्टी थेट जोत्याच्या बीमला. अंतर 7 मीटरच्या वर गेलं, एकाच उताराचं मोठं शेड असलं, किंवा घर कड्यावर, खाडीच्या तोंडावर असलं तर हे आकडे वापरू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब करून घ्या. टेकडीच्या माथ्यावर वारा सपाटीपेक्षा बराच वाढतो.

दर मे महिन्यात

पूर्वी शाकारणीच्या निमित्ताने माणूस वर्षातून एकदा छपरावर चढत असे आणि वासा-रीप नजरेखालून जात असे. पत्रे आल्यावर ते बंद झालं. आता मेच्या पहिल्या पंधरवड्यात तेवढ्यासाठीच चढा. बीम आणि भिंत यांच्या सांध्यावर केसाएवढी आडवी चीर धावतेय का, ते आधी पाहा. ती गेल्या पावसाळ्यात बीम उठू पाहत होता याची खूण असू शकते. मग नट पान्याने एक-एक तपासा. पट्टीवर गंजाचा पापुद्रा सुटत असेल तर तो खरवडून जाडी मोजा. 3 ची पट्टी 2 वर आली असेल तर रंग देऊन उपयोग नाही, बदला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर पट्ट्या सुरुवातीपासूनच 5 मिलिमीटरच्या घ्या. पट्टीमागे पालापाचोळा आणि मुंग्यांची माती साचते तिथे ओल टिकते, आणि गंज नेहमी त्या न दिसणाऱ्या बाजूने लागतो. म्हणून तारेचा ब्रश मागच्या अंगालाही फिरवा.